काळी दोन एकच, नावं दोन: थिअरीचा पेपर तपासताना गुण कुठे कापायचा?

(या भागाचं लिखित रूप. जवळ कीबोर्ड किंवा हार्मोनियम असेल तर समोर घेऊन बसा. नसेल तर फोनवरचा पियानोही चालेल.)

आजचा भाग थोडा कबुलीजबाबासारखा आहे. मी एक पेपर चुकीचा तपासला होता, आणि ती चूक एका अकरावीतल्या मुलीने मला दाखवून दिली. तोच पेपर आज आपण पुन्हा तपासणार आहोत. सगळा नाही, फक्त तीन प्रश्न. एक इंटरव्हलचा, एक की सिग्नेचरचा आणि एक कॉर्डचा.

आधी प्रसंग सांगतो. मी वेस्टर्न म्युझिकची थिअरी शिकवतो. ग्रेडच्या परीक्षेचे फॉर्म भरायच्या आधी आमच्याकडे चाळीस गुणांचा सराव पेपर असतो. बत्तीस मिळाले तर फॉर्म भरायचा, नाहीतर पुढच्या सत्रात. या मुलीला मिळाले एकतीस. आणि फॉर्मची शेवटची तारीख होती शनिवारी.

क्लास सुटल्यावर ती थांबली. पेपर समोर ठेवला आणि म्हणाली, ‘सर, हा एक गुण का गेला ते कळत नाहीये.’

मी बघितलं. म्हटलं, ‘अगं, उत्तर मायनर थर्ड आहे. तू ऑगमेंटेड सेकंड लिहिलंयस.’

ती म्हणाली, ‘पण सर, प्रश्नात तर नुसत्या पट्ट्या दाखवल्यात. स्वर लिहिलेला कुठाय?’

मी गप्प झालो. कारण तिचं बरोबर होतं.

पट्टी वेगळी, स्पेलिंग वेगळं

आता हे नीट समजून घेऊ. आपल्यापैकी ज्यांनी घरी हार्मोनियम पाहिली आहे त्यांना ‘काळी एक’, ‘काळी दोन’, ‘पांढरी चार’ ही भाषा माहीत असते. ‘माझी पट्टी काळी चार आहे’ असं गाणारे सहज म्हणतात. ही नावं पट्ट्यांची आहेत. वेस्टर्नमधला सी म्हणजे पांढरी एक, डी म्हणजे पांढरी दोन, आणि या दोघांच्या मधली काळी एक. डी आणि ई यांच्या मधली काळी दोन. इथे काही घोळच नाही. एक पट्टी, एक नाव.

वेस्टर्न नोटेशनमध्ये मात्र त्याच काळी दोनला दोन नावं आहेत. डी थोडा वर चढवला असं म्हटलं तर ती डी शार्प. ई थोडा खाली उतरवला असं म्हटलं तर ती ई फ्लॅट. कीबोर्डवर आवाज एकच. अशा जोडीला एनहार्मोनिक म्हणतात. मराठीतले ‘दिन’ आणि ‘दीन’ घ्या. बोलताना फरक जवळजवळ ऐकूच येत नाही. पण लिहिताना एक दिवस होतो आणि दुसरा गरीब होतो. डी शार्प आणि ई फ्लॅट यांचं तसंच आहे.

आणि आपल्याकडेही ही शिस्त आहे बरं का! म आणि प यांच्या मधल्या स्वराला आपण ‘तीव्र म’ म्हणतो. ‘कोमल प’ असं कोणी म्हणालं तर गुरुजी पेटीचा भाता थांबवून वर बघतील. कारण प अचल आहे, तो कोमल होतच नाही. म्हणजे पट्टी कुठली हे पुरेसं नाही, ती कोणत्या स्वराचं रूप आहे हेही सांगावं लागतं.

फोनला हे कळत नाही. कीबोर्ड फोनला जोडला की तो फक्त पट्टीचा नंबर पाठवतो. मिडीमध्ये मधल्या सीचा नंबर ६० आहे आणि त्याच्या वरच्या काळी दोनचा ६३. तुमच्या मनात डी शार्प असो की ई फ्लॅट, नंबर ६३च जातो. गिटारवाल्यांनी हे रोज पाहिलेलं असतं. सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या, ज्याला आपण ‘ई फ्लॅट ट्यूनिंग’ म्हणतो, तरी बरेचसे ट्यूनर डी शार्पच दाखवतात. ट्यूनर खोटं बोलत नाही. तो फक्त आवाज मोजतो, स्पेलिंग तपासणं त्याचं काम नाही.

पेपर तपासणाऱ्याचं मात्र ते काम आहे. आणि तिथे पहिला प्रश्न विचारायचा तो विद्यार्थ्याच्या उत्तराबद्दल नाही, पेपरातल्या प्रश्नाबद्दल: प्रश्नात काय दिलं होतं? नुसती पट्टी किंवा आवाज, की लिहिलेला स्वर आणि की? पट्टी दिली असेल तर स्पेलिंग निवडायचा हक्क विद्यार्थ्याचा. स्वर लिहून दिला असेल किंवा की सांगितली असेल तर तो हक्क संपला. आता हे धरून तिन्ही प्रश्न बघू.

पहिला प्रश्न: इंटरव्हल

प्रश्न असा होता. कीबोर्डचं चित्र, त्यावर दोन पट्ट्यांवर ठिपके. एक सीवर, दुसरा काळी दोनवर. विचारलं होतं, हा कोणता इंटरव्हल आहे? माझ्या उत्तरपत्रिकेत होतं मायनर थर्ड. तिने लिहिलं होतं: ‘सी ते डी शार्प, ऑगमेंटेड सेकंड.’

इंटरव्हलचं नाव दोन शब्दांचं असतं आणि ते दोन वेगळ्या मोजण्यांतून येतात. सेकंड, थर्ड, फोर्थ हा भाग अक्षरं मोजून मिळतो. मेजर, मायनर, ऑगमेंटेड हा भाग सेमिटोन मोजून मिळतो. सेमिटोन म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर, मग त्या काळ्या असोत की पांढऱ्या.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक सांगतो. अक्षरं मोजताना सुरुवातीचा स्वर धरायचा असतो. सी, डी, ई, म्हणजे तीन, म्हणून थर्ड. सेमिटोन मोजताना मात्र सुरुवातीची पट्टी धरायची नाही. तिथे आपण पट्ट्या मोजत नाही, उड्या मोजतो. सीवरून काळी एक ही पहिली उडी, डी दुसरी, काळी दोन तिसरी. म्हणजे तीन सेमिटोन. ज्याचं उत्तर नेमकं एका सेमिटोनने चुकतंय, त्याने बहुधा सुरुवातीची पट्टी मोजलेली असते. असा पेपर आला की नुसती फुली मारू नका, हे कारण बाजूला लिहा.

आता तिचं उत्तर. सी ते डी, अक्षरं दोन, म्हणून सेकंड. सी ते साधा डी म्हणजे दोन सेमिटोन, तो मेजर सेकंड. डी शार्प केला की अंतर एकाने वाढलं, तीन सेमिटोन, म्हणजे ऑगमेंटेड सेकंड. बरोबर! माझं उत्तर: सी ते ई फ्लॅट, अक्षरं तीन, म्हणून थर्ड. सी ते ई चार सेमिटोनचा मेजर थर्ड, ई उतरवला की तीन सेमिटोनचा मायनर थर्ड. हेही बरोबर. प्रश्नात स्वर लिहिलेला नव्हता, की सांगितलेली नव्हती. मग दोन्ही उत्तरं ग्राह्य. मायनर थर्ड जास्त वेळा भेटतो हे खरं, पण जास्त वेळा भेटणं म्हणजे दुसरं चूक असणं नव्हे.

मात्र एक गोष्ट बघा. तिने स्वरही लिहिले होते आणि नावही, आणि दोघांचा मेळ बसत होता. समजा तिने ‘सी ते डी शार्प, मायनर थर्ड’ असं लिहिलं असतं तर? मग गुण नाही. सी ते डीमध्ये तीन अक्षरं नाहीतच, मग थर्ड कुठून आला? स्पेलिंग कोणतंही निवडा, पण एकदा निवडलं की पुढचं सगळं त्याच्याशी जुळलं पाहिजे.

आणि हाच प्रश्न पाच रेघांवर स्वर लिहून विचारला असता, सी आणि ई फ्लॅट असे, तर? मग ऑगमेंटेड सेकंड सरळ चूक. अक्षर समोर छापलेलं आहे, ते बदलायची मुभा कोणालाच नाही. उलटही खरं आहे. ए मायनरची हार्मोनिक स्केल घ्या: ए, बी, सी, डी, ई, एफ, जी शार्प. यातला एफ ते जी शार्प हा तीन सेमिटोनचा आहे. नुसता ऐकला तर मायनर थर्डच वाटेल. पण एफ आणि जी ही शेजारची अक्षरं, म्हणून तो ऑगमेंटेड सेकंड. इथे कोणी मायनर थर्ड लिहिलं तर गुण कापायचा.

तर पहिल्या प्रश्नाचा गुण मी परत दिला. एकतीसचे झाले बत्तीस. तिचा चेहरा खुलला. पण मला चैन पडेना. मनात आलं, मी एका ठिकाणी उत्तरपत्रिकेकडे बघून फुली मारली असेल तर बाकीच्या ठिकाणीही मारली असणार. म्हटलं, ‘बस पाच मिनिटं. पूर्ण पेपर परत बघूया.’

दुसरा प्रश्न: की सिग्नेचर

या प्रश्नात कीबोर्डवर काळी तीनवर ठिपका होता. म्हणजे एफ आणि जी यांच्या मधली. ‘इथून सुरू होणाऱ्या मेजर स्केलची की सिग्नेचर लिहा.’ उत्तरपत्रिकेत होतं एफ शार्प मेजर, सहा शार्प. तिने लिहिलं होतं जी फ्लॅट मेजर, सहा फ्लॅट. आणि मी त्यावर फुली मारली होती. सहा शार्पच्या जागी सहा फ्लॅट दिसले, आणि हात आपोआप फिरला.

तपासूया. जी फ्लॅट मेजरचे स्वर: जी फ्लॅट, ए फ्लॅट, बी फ्लॅट, सी फ्लॅट, डी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ. सातही अक्षरं आली, प्रत्येक एकदाच. फ्लॅट सहा. तिने ते ठरलेल्या क्रमाने मांडले होते: बी, ई, ए, डी, जी, सी. उत्तर निर्दोष आहे. आणि एफ शार्प मेजर: एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, बी, सी शार्प, डी शार्प, ई शार्प. शार्प सहा. तेही निर्दोष. प्रश्नात पट्टी दिली होती, म्हणून दोन्ही ग्राह्य.

या स्केलमध्ये नेहमीची घसरण कुठे होते सांगतो. शेवटचा ई शार्प. कीबोर्डवर तो पांढऱ्या एफवर वाजतो, म्हणून बरीच मुलं ‘एफ’ लिहून मोकळी होतात. मग स्केलमध्ये एफ शार्पही आणि एफही, आणि ई गायब. अक्षरं एकदा बोटावर मोजली की हे लगेच सापडतं. तसंच काही जण पाच शार्प आणि एक बी फ्लॅट अशी खिचडी करतात, कारण ए शार्प आणि बी फ्लॅट एकच पट्टी ना! पण मेजर-मायनरच्या की सिग्नेचरमध्ये एकतर सगळे शार्प असतात किंवा सगळे फ्लॅट. मिसळ फक्त नाश्त्याला.

मग प्रत्येक काळ्या पट्टीला दोन की सिग्नेचर असतात का? नाही, आणि हे ओळखायला एक सोपी बेरीज आहे. एकाच पट्टीवरच्या स्केलचं शार्पचं स्पेलिंग आणि फ्लॅटचं स्पेलिंग घेतलं तर शार्प आणि फ्लॅट यांची बेरीज बारा येते. कारण शार्प वाढवत जाणारी वाट आणि फ्लॅट वाढवत जाणारी वाट मिळून बारा पायऱ्यांचं वर्तुळ पूर्ण होतं. एफ शार्पला सहा, म्हणून जी फ्लॅटला सहा. डी फ्लॅटला पाच, म्हणून सी शार्पला सात. बीला पाच शार्प, म्हणून सी फ्लॅटला सात फ्लॅट. आणि अक्षरं सातच असल्यामुळे नेहमीच्या की सिग्नेचरमध्ये सातपेक्षा जास्त चिन्हं बसत नाहीत. म्हणून मेजरमध्ये या तीनच जोड्या.

आता काळी चार बघा. ए फ्लॅट मेजरला चार फ्लॅट. मग जी शार्प मेजरला बारा वजा चार, आठ शार्प. आठवा ठेवायचा कुठे? एका अक्षराला डबल शार्प द्यावा लागतो, आणि नेहमीच्या वापरात अशी की सिग्नेचर लिहीत नाहीत. म्हणून काळी चारवरच्या मेजरसाठी कोणी ‘जी शार्प मेजर’ लिहिलं तर ते ग्राह्य नाही. पण त्याच पट्टीवरून मायनर विचारली तर? जी शार्प मायनरला पाच शार्प, ए फ्लॅट मायनरला सात फ्लॅट. बेरीज बारा, दोन्ही सातच्या आत, दोन्ही चालतात. म्हणजे एकाच पट्टीवर मेजरला एक उत्तर आणि मायनरला दोन.

हे फक्त परीक्षेपुरतं नाही हं. शोपँचं ‘रेनड्रॉप’ म्हणून ओळखलं जाणारं प्रेल्यूड आहे. ते डी फ्लॅट मेजरमध्ये सुरू होतं. मधल्या भागात त्याच पट्टीवरून मायनर होतं. नावाप्रमाणे बघितलं तर डी फ्लॅट मायनर हवं, पण त्याला आठ फ्लॅट लागले असते. शोपँने तिथे सरळ सी शार्प मायनर लिहिलं, चार शार्प. पट्टी तीच, वाचणाऱ्याचे हाल कमी. आणि बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’च्या पहिल्या भागात, १७२२ सालच्या, आठव्या जोडीत प्रेल्यूड ई फ्लॅट मायनरमध्ये आहे आणि त्याच्या जोडीचं फ्यूग डी शार्प मायनरमध्ये. एकाच जोडीत दोन्ही स्पेलिंग! मग माझ्या फुलीला काय अर्थ राहिला?

दुसरा गुण दिला. झाले तेहतीस.

तिसरा प्रश्न: कॉर्ड

आता अवघड भाग. प्रश्न होता, ‘ए मायनरमधली डॉमिनंट सेव्हन्थ कॉर्ड लिहा.’ तिने लिहिलं होतं: ई, ए फ्लॅट, बी, डी. आणि मी बरोबरची खूण केली होती! कसं काय? कारण तपासताना मी तिचं उत्तर कीबोर्डवर वाजवून पाहिलं. कानाला बरोबर लागलं, आणि पुढे गेलो. फोनवरच्या अॅपनेही पास केलं असतं, कारण पट्ट्यांचे नंबर बरोबर आहेत.

पण इथे प्रश्नाने पट्टी दिलेली नाही. की दिली आहे, ए मायनर, आणि कॉर्डचं काम सांगितलंय, डॉमिनंट सेव्हन्थ. की दिली की स्पेलिंग ठरलं.

कॉर्ड तपासायची पद्धत तीच, आधी अक्षरं. कॉर्ड एकाआड एक अक्षरांवर रचलेली असते. ईपासून सुरुवात केली तर ई, जी, बी, डी. तिच्या उत्तरात जी नाही, ए आहे. इथेच थांबायचं, सेमिटोन मोजायची गरजच नाही. ई ते ए फ्लॅट हा फोर्थ झाला, डिमिनिश्ड फोर्थ. कॉर्डमध्ये तिथे थर्ड हवा. ई ते जी शार्प, चार सेमिटोन, मेजर थर्ड. म्हणून बरोबर उत्तर ई, जी शार्प, बी, डी.

ती लगेच म्हणाली, ‘पण वाजतं तर सारखंच ना सर?’

वाजतं सारखं. पण वाचताना ते काय सांगतं ते बघ, मी म्हटलं. या कॉर्डनंतर येते ए मायनर. जी शार्प एक पाऊल वर चढून एवर पोहोचतो. जी ते ए, पुढचं अक्षर, पुढची पायरी. डोळ्यांना ओढ दिसते. त्या जागी ए फ्लॅट लिहिला तर तो ए फ्लॅटवरून एवर जातो, म्हणजे त्याच जागेवर उभा राहून नुसतं चिन्ह बदलतो. शिवाय त्या स्केलमध्ये ए स्वतः षड्जासारखा आहे. ए फ्लॅट लिहिणं म्हणजे जणू ‘सा’च कोमल करणं. इथे चढवायचा आहे तो जी, आपल्या भाषेत सांगायचं तर स्केलचा ‘नी’.

ती दोन सेकंद थांबली आणि म्हणाली, ‘म्हणजे कोमल प.’

अगदी तेच! मी सांगायच्या आधी तिनेच जुळवलं.

तिसऱ्या प्रश्नाचा गुण मी कापला. तेहतीसचे बत्तीस. खरं सांगतो, पेन क्षणभर अडखळलं. तिच्या हिताचं होतं तेवढंच तपासून थांबलो असतो तर कोणाला कळलं नसतं. पण ती खूण तशीच राहिली असती तर परीक्षेत तिने पुन्हा ए फ्लॅटच लिहिला असता, आणि तिथे पेन माझ्या हातात नसतं.

एका श्रोत्याचा प्रश्न

मागच्या भागानंतर एकाने मेसेज केला होता. ‘दादा, बी, डी, एफ, ए फ्लॅट या कॉर्डला अॅप कधी बी डिमिनिश्ड सेव्हन्थ म्हणतं, कधी जी शार्प डिमिनिश्ड सेव्हन्थ. खरं नाव कुठलं?’

छान प्रश्न आहे, आणि आजच्या विषयात बरोबर बसतो. ही कॉर्ड विचित्र आहे, कारण तिच्यातलं प्रत्येक अंतर तीन सेमिटोनचं. बीवरून डी तीन, डीवरून एफ तीन, एफवरून ए फ्लॅट तीन, आणि तिथून वरच्या बीपर्यंत पुन्हा तीन. चारही बाजू सारख्या, म्हणून आवाजावरून मूळ स्वर कोणता ते कळत नाही. चारांपैकी कोणताही असू शकतो.

मग नाव कोण ठरवतं? एकतर स्पेलिंग, नाहीतर की. स्वर लिहून दिले असतील, बी, डी, एफ, ए फ्लॅट, तर अक्षरं एकाआड एक बीपासून लागतात. म्हणून बी डिमिनिश्ड सेव्हन्थ. ही सी मायनरची कॉर्ड, बीला वर सीकडे जायचंय. त्याच पट्ट्या ए मायनरमध्ये आल्या तर जी शार्प, बी, डी, एफ असं लिहायचं, आणि नाव जी शार्प डिमिनिश्ड सेव्हन्थ. इथे जी शार्पला वर एकडे जायचंय. अॅपला फक्त चार नंबर दिलेत, तर ते जे नाव देईल तो अंदाज. नुसत्या पट्ट्या दाखवून नाव विचारलं असेल तर या चारांपैकी कुठलंही नाव ग्राह्य, मात्र स्वर लिहिले असतील तर ते त्या नावाशी जुळायला हवेत.

याच्याशी एक गोष्ट गल्लत करू नका. सी, ई, जी, ए या कॉर्डला कोणी सी सिक्स म्हणतं, कोणी ए मायनर सेव्हन, खाली सी. हे एनहार्मोनिक नाही. इथे एकाही स्वराचं स्पेलिंग बदललं नाही, फक्त मूळ कोणाला मानायचं ते बदललं. खाली सी असेल आणि आजूबाजूचं काहीच दिलं नसेल तर दोन्ही लेबलं मी बरोबर धरतो.

तर पेपर हातात आला की

पहिल्यांदा प्रश्न वाचायचा, उत्तर नंतर. पट्टी दिली की स्वर लिहिला, की सांगितली की नाही, हे बघायचं. मग अक्षरं मोजायची. अक्षरं चुकली तर पुढे जायची गरज नाही. अक्षरं बसली की मग सेमिटोन. आणि वाजवून बघणं सगळ्यात शेवटी, कारण कीबोर्ड स्पेलिंगची चूक कधीच पकडत नाही. मी तो आधी वाजवला, म्हणून फसलो. इंटरव्हल आणि की सिग्नेचरच्या वेळी उलटं केलं, काहीच न मोजता उत्तरपत्रिकेशी अक्षर जुळवलं, म्हणून तिथेही फसलो.

त्यानंतर सराव पेपर काढताना मी पट्ट्यांच्या चित्राखाली एक ओळ लिहितो: ‘कोणतंही एक योग्य नाव चालेल.’ आणि उत्तरपत्रिकेत दोन्ही नावं. बाकीच्या मुलांचे पेपरही त्या संध्याकाळी परत काढले. दोघांचा एकेक गुण वाढला, एकाचा कमी झाला.

आणि हो, तिचा फॉर्म शुक्रवारी भरला. बत्तीसवर.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. काळी पाच, म्हणजे ए आणि बी यांच्या मधली पट्टी. तिथून मेजर स्केल सुरू केली तर किती की सिग्नेचर ग्राह्य? आणि मायनर केली तर किती? बाराची बेरीज लावा, सातची मर्यादा लक्षात ठेवा. उत्तरं पाठवा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला तपासूया. मी तपासलेलं पुन्हा तपासायचा हक्क अर्थातच तुमचा!

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत मजेत राहा.